‘बॅकएंडला 500 कीवर्ड’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी हे वाचा

आमच्या छोट्या ब्रँडचा 750 वॉटचा, तीन भांड्यांचा मिक्सर ॲमेझॉनवर टाकायचा होता. लिस्टिंग लिहून देणाऱ्या एकाने पॅकेज सांगितलं: पाच बुलेट पॉइंट आणि बॅकएंडला 500 कीवर्ड, पैसे आगाऊ. काही दिवसांनी त्याने पुरावा म्हणून स्क्रीनशॉट पाठवला. आमचा मिक्सर सगळ्यात वर!

पण सर्चच्या चौकटीत त्याने आमच्या ब्रँडचं नावच टाकलं होतं. त्या नावाने कुणीही शोधलं तरी आमचाच मिक्सर येणार. नवं गिऱ्हाईक `mixer for chutney` असं काहीतरी शोधतं, आणि तिथे आम्ही कुठेच नव्हतो.

कारण बॅकएंडच्या Search Terms या रकान्यात सापडलं. कीवर्ड इथेच भरतात. हा रकाना गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून इथे फसवणूक सहज खपते. त्याला मर्यादा आहे. भारतात ती 200 बाइटच्या आत सांगितलेली होती. 500 कीवर्ड तिथे मावणारच नाहीत, आणि मर्यादा ओलांडली की रकान्यातला एकही शब्द सर्चसाठी धरला जात नाही. त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं: `mixer` पाच बाइटचा, तर ‘मिक्सर’ तब्बल 18 बाइटचा. आमच्या रकान्यात स्वल्पविराम, `best` आणि शीर्षकातलेच शब्द पुन्हापुन्हा कोंबले होते. वर दुसऱ्या कंपन्यांची ब्रँडनावं, जी तिथे टाकायला मनाईच आहे. खरं तर एवढं पुरलं असतं:

```
mixie masala vatan chatni idli dosa batter coconut pisai
```

बुलेट पॉइंटनी तर जास्त नुकसान केलं. ‘पूर्ण तांब्याची मोटर’ असं त्याने ठोकून दिलं. आमच्या मोटरचं वाइंडिंग ॲल्युमिनियमचं आहे, आणि माहितीपत्रकात ते छापलेलं होतं. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणाने मिक्सर परत येऊ लागले. वापरलेला, हळदीने पिवळा पडलेला मिक्सर पुन्हा नवा म्हणून विकता येत नाही. ‘हळद, भिजवलेली डाळ, ओलं खोबरं: कुठल्या भांड्यात काय वाटावं’ हे लिहिलं असतं तर गिऱ्हाइकाला उपयोग झाला असता. ते एका ओळीतही नव्हतं.

पैसे मागितल्यावर ‘अल्गोरिदम बदलला’ म्हणाला, मग फोन उचलणं बंद. तेव्हा काम घेतल्यावर स्क्रीनशॉट मागू नका, स्वतः तपासा. सर्चमध्ये आपल्या वस्तूचा ASIN, म्हणजे ॲमेझॉनवरचा तिचा ओळख क्रमांक, आणि पुढे एक कीवर्ड टाका, म्हणजे `B0XXXXXXXX batter` असं. वस्तू दिसली तर तो शब्द धरला गेलाय. नाही दिसली तर एकदोन दिवसांनी पुन्हा बघा, कारण बदल लागू व्हायला वेळ लागतो. हा शब्द शीर्षकात किंवा बुलेटमध्ये नसलेला निवडा, नाहीतर बॅकएंडचं काहीच कळणार नाही. उरलेले पैसे या तपासणीनंतरच द्यायचे, असं आधीच लेखी ठरवून घ्या.