भूमितीचं ई-पुस्तक: किंडलवर की स्वतःची पीडीएफ?

गुहागरला दहावीची भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या बाईंपुढे सध्या हाच प्रश्न आहे. आराखडा त्यांनी छान केलाय. सगळा अभ्यासक्रम न घेता फक्त ‘वर्तुळ’ हे प्रकरण घेतलं आणि मुलं कुठे चुकतात त्यानुसार त्याचे भाग पाडले. पहिलाच भाग अंतर्लिखित कोनाचा, कारण तो कोन नेमका कोणता कंस अंतर्खंडित करतो हेच मुलं विसरतात आणि समोरचा कंस सोडून भलताच धरतात. उदाहरणं बाईंची स्वतःची आहेत. पाठ्यपुस्तकातली उचलली तर कॉपीराइटचा प्रश्न येतो.

किंडलवर पुस्तक विकायला पैसे भरावे लागत नाहीत आणि वाचक मुंबईचा असो की नागपूरचा, पैसे घेण्याची आणि पुस्तक पोचवण्याची कटकट नसते. रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर अ‍ॅमेझॉनच्या ‘केडीपी सिलेक्ट’ या योजनेत जावं लागतं, म्हणजे ९० दिवस तेच ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकता येत नाही. शिवाय त्यात दर एमबीला ७ रुपये पोचवण्याचा खर्च कापतात. आकृत्यांच्या पुस्तकाला हे फार जाचतं. किंमत १५० रुपये आणि फाइल ८ एमबी असेल, तर कर बाजूला ठेवून ५६ रुपये आधीच जातात आणि उरलेल्या ९४चे ७० टक्के म्हणजे साधारण ६६ रुपये हाती येतात. आकृत्या हलक्या करून फाइल २ एमबीवर आणली, तर तेच ९५ होतात. ३५ टक्क्यांत हा खर्च कापत नाहीत, पण मिळतात साडेबावन्नच.

पैशांपेक्षा मोठी अडचण मांडणीची. किंडलवर वाचकाने अक्षर मोठं केलं की मजकूर सरकतो, आकृती एका पानावर राहते आणि सिद्धता पुढच्या पानावर जाते. त्रिज्या, कंस, कोन यांची नावं बघत बघत सिद्धता वाचायची असते, त्यामुळे मूल तिथेच अडकतं.

पीडीएफमध्ये पान जसं लावलं तसंच राहतं. मात्र ए-४ पान फोनवर वाचवत नाही; ए-५ आकार आणि मोठं अक्षर ठेवावं. यूपीआयने पैसे थेट खात्यात येतात. धोका एकच: एकाने घेतलेली फाइल संध्याकाळपर्यंत अख्ख्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. प्रत्येक प्रतीत पानाच्या तळाशी घेणाऱ्याचं नाव छापलं, तर पुढे पाठवताना माणूस बिचकतो. पण हे काम दर विक्रीला हाताने करावं लागतं.

दोन्ही वाटांना एक काम आधी करावंच लागेल. बाईंच्या जुन्या नोट्स श्रीलिपीत टाइप केलेल्या आहेत, त्या युनिकोडमध्ये आणायच्या. रूपांतरानंतर रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, म्हणून ‘वर्तुळ’, ‘स्पर्शिका’ हे शब्द शोधून तपासावेत.

माझं मत पीडीएफचं, किंमत ९९ रुपये. आजूबाजूच्या शाळांतले पालक बाईंना ओळखतात, विक्री आधी तिथूनच होणार. त्यांनी कोकणातल्या देवराईंवर सलग गद्य लिहिलं असतं, तर मी किंडलच सांगितलं असतं.