गुणपत्रिकेचा फोटो पाठवा, म्हणाले, आणि भाचीचा प्रवेश गेला

आमच्या वडोदऱ्यात मुलांना परदेशी पाठवणारी सल्ला कार्यालयं आता गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्या एकाने माझ्या भाचीच्या गुणपत्रिकेचं जे भाषांतर करून दिलं, त्यामुळे तिचा जर्मनीचा अर्ज बाद झाला. यंदा अर्ज करणाऱ्या घरांनी त्यांची पद्धत नीट समजून घ्यावी म्हणून हे सविस्तर लिहितोय.

भाची गुजराती माध्यमातली, गुजरात बोर्डाची. जर्मन विद्यापीठांना कागद जर्मन किंवा इंग्रजीत लागतात, त्यामुळे गुणपत्रिकेवर जिथे गुजराती मजकूर आहे तिथे भाषांतर हवंच. कार्यालयातल्या माणसाने माझ्या बहिणीला सांगितलं, ‘‘मासी, ओरिजिनल नहीं जोईए, व्हॉट्सॲपवर फोटो नाखी दो.’’ साडेसहा हजार घेतले. त्यात ‘सरकारमान्य भाषांतर’ आणि ‘जर्मन ग्रेड रूपांतर’ दोन्ही आलं, असं म्हणाला. शिवाय घाबरवलंही. चौऱ्याहत्तर टक्के तिकडे कोणी विचारत नाही, अमेरिकेत चौऱ्याहत्तर म्हणजे ‘सी’, म्हणून आम्ही ते ‘तिकडच्या भाषेत’ नीट करून देतो, असं त्याचं बोलणं.

कागद आला तो दिसायला भारी. जाड कागद, गोल निळा शिक्का आणि खाली इंग्रजीत वाक्य: मूळ प्रतीशी ताडून पाहिले. मूळ प्रत त्या वेळी बहिणीच्या कपाटात होती. त्या माणसाने ती डोळ्यांनी पाहिलेलीच नव्हती.

अर्जात मूळ गुणपत्रिकेचा स्कॅन आणि भाषांतर दोन्ही शेजारी शेजारी जोडावं लागतं, म्हणून तपासणाऱ्याला फरक लगेच दिसतो. विद्यापीठाचं उत्तर आलं की मूळ कागदातले आकडे आणि भाषांतरातले आकडे जुळत नाहीत, असं भाषांतर ग्राह्य धरता येत नाही. तोवर 15 जुलै उलटून गेली होती. हिवाळी सत्राच्या अर्जांची नेहमीची शेवटची तारीख तीच.

मग मी दोन्ही कागद घेऊन बसलो. पहिली गडबड फोटोची. गुणपत्रिका लॅमिनेट केलेली, वरून ट्यूबलाइटची चकाकी नेमकी भौतिकशास्त्राच्या ओळीवर. मूळ कागदावर 61 आहेत, भाषांतरात 67. म्हणजे त्याला आकडा दिसला नाही आणि त्याने मनाने भरला. हे पकडायला गुजरातीही यावी लागत नाही. भाषांतरातल्या सगळ्या विषयांचे गुण मी कॅल्क्युलेटरवर मिळवले, तर बेरीज खाली छापलेल्या एकूण गुणांपेक्षा सहाने जास्त आली. खरा भाषांतरकार न दिसणाऱ्या जागी ‘अस्पष्ट’ असं लिहितो किंवा दुसरा स्कॅन मागतो.

दुसरी गडबड मुद्दाम केलेली, आणि मला जास्त राग तिचाच आहे. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर टक्क्यांखेरीज पर्सेंटाइल रँक छापलेला असतो. आपल्याकडे सगळे त्याला पीआर म्हणतात. भाचीला टक्के 74 आणि पीआर 91.20. पीआर म्हणजे तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण साधारण किती टक्के मुलांना पडले ते. त्यातून तिची इतरांमधली जागा कळते, तिने मिळवलेले गुण कळत नाहीत. या माणसाने भाषांतरात 91.20 टक्के म्हणून टाकले आणि 74 चा उल्लेखच गाळला. पुढे ‘जर्मन ग्रेड 1.39’ असं ठळक अक्षरांत.

हा 1.39 कुठून आला ते पाहा, म्हणजे कोणालाही घरी पडताळता येईल. जर्मनीत श्रेणी उलटी चालते: 1 सर्वांत उत्तम, 4 म्हणजे जेमतेम उत्तीर्ण, 5 नापास. परदेशी गुण त्या मोजपट्टीवर आणायला तिथली विद्यापीठं सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात:

```
x = 1 + 3 × (Nmax − Nd) / (Nmax − Nmin)
```

यात Nmax म्हणजे मिळू शकणारे सर्वाधिक गुण, Nd म्हणजे मिळालेले आणि Nmin म्हणजे उत्तीर्ण व्हायला लागणारे किमान गुण. आपल्या बोर्डात 100 आणि 33. भाचीचे खरे 74 घातले तर 26 ला 3 ने गुणून 78, त्याला 67 ने भागून 1.16, त्यात 1 मिळवून 2.16 येतात. चांगली श्रेणी आहे ही, घाबरण्यासारखं काहीच नव्हतं! 74 च्या जागी पीआरचे 91.20 घातले की बरोबर 1.39 येतात. म्हणजे सूत्र त्याला पक्कं ठाऊक होतं. आत घातलेला आकडा खोटा होता.

इथे एक गोष्ट नीट कळायला हवी. श्रेणीचं रूपांतर करणं भाषांतरकाराचं काम नाहीच. ते कागद स्वीकारणारी संस्था करते, आपल्या नियमाने. जर्मनीत बऱ्याच विद्यापीठांसाठी ते परदेशी अर्ज तपासणाऱ्या युनि-असिस्ट या संस्थेकडे होतं. भाषांतरात गुण जसेच्या तसे यायला हवेत: मिळालेले, कमाल, किमान उत्तीर्ण गुण, पीआर हा पीआर म्हणूनच, शिक्का आणि सही कुठे आहे तेसुद्धा. फार तर तळाला भाषांतरकाराची टीप म्हणून दोन ओळी चालतात, की इथे 100 पैकी 33 ला उत्तीर्ण धरतात आणि पर्सेंटाइल रँक म्हणजे टक्केवारी नव्हे. भाषांतराच्या कागदात कोणी ‘जर्मन ग्रेड’ किंवा अमेरिकेचा जीपीए छापून देतो म्हणाला, तर तिथेच उठा. अमेरिकेचं तर असं की तिथली कित्येक कॉलेजंच सांगतात, गुण तुमच्या बोर्डाच्या पद्धतीतच भरा, स्वतः बदलू नका.

आणि तो शिक्का. जर्मनीत न्यायालयासमोर शपथ घेतलेले भाषांतरकार असतात. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही, म्हणून ‘सरकारमान्य’ म्हटलं की कोणी मान्य केलं ते विचारा. जर्मनीतल्या शपथबद्ध भाषांतरकारांची यादी justiz-dolmetscher.de वर सर्वांना खुली आहे, तिथे भाषा निवडून माणूस शोधता येतो. आम्ही शेवटी तिथूनच एक बाई गाठल्या. त्यांनी लॅमिनेशनवर चकाकी नसलेला सपाट स्कॅन मागितला, पैसे ओळींवर सांगितले (तिकडे 55 अक्षरांची एक प्रमाण ओळ धरतात) आणि प्रमाणपत्रात स्पष्ट लिहिलं की भाषांतर स्कॅनवरून केलं आहे, मूळ प्रत पाहिलेली नाही. त्या एका वाक्यावरून मला त्यांची खात्री पटली. भाचीचा पुढच्या सत्राचा अर्ज आता याच कागदावर जाणार आहे, 74 आणि 91.20 आपापल्या जागी ठेवून.

पैसे परत मागायला गेलो तर तो माणूस म्हणाला, आम्ही भाषांतराचे पैसे घेतलेच नाहीत, पावती बघा. पावतीवर खरंच ‘डॉक्युमेंटेशन चार्जेस’ एवढंच होतं. व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं मात्र बहिणीकडे जपलेलं आहे, ‘सरकारमान्य’ आणि ‘ग्रेड नीट करून देतो’ या शब्दांसकट. ते जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे. तुम्ही पैसे देताना पावतीवर ‘भाषांतर’, किती पानं आणि कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत, हे लिहून घ्या. लिहायला नकार दिला, तर पैसे देऊ नका.