शेड्युल बोर्डाच्या फोटोवरून अजेंडा: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

फोटोतून मजकूर उचलणारं एक अ‍ॅप मी बरेच महिने जवळपास एकाच कामाला वापरतोय. कॉन्फरन्सला गेलो की दारातल्या शेड्युल बोर्डाचा फोटो काढायचा आणि त्यातून वेळ, रूम, सेशन असा नीट अजेंडा करून टीमच्या ग्रुपवर टाकायचा. अक्षरं वाचण्यात अ‍ॅप पक्कं आहे, छापील फ्लेक्स असेल तर स्पेलिंगला हात लावावा लागत नाही. खरी भानगड चौकटींची आहे.

बोर्डावर डावीकडे वेळ आणि वर रूमची नावं असतात, पण अ‍ॅप आडवं वाचत सुटतं. सभागृहाखाली दोन ओळींत 'डेटाबेस ट्युनिंग / छोट्या टीमसाठी' आणि शेजारी सेमिनार हॉलखाली 'मराठी फॉन्ट / वेबवर कसे वापरावेत' असं असेल तर हातात येतं 'डेटाबेस ट्युनिंग मराठी फॉन्ट'. म्हणून मी आता एकाच फोटोचे उभे पट्टे क्रॉप करतो, वेळेचा एक आणि प्रत्येक रूमचा एक, आणि मग शीटमध्ये शेजारी शेजारी पेस्ट करतो.

त्यातही चहा आणि उद्घाटनाच्या पूर्ण रुंदीच्या पट्ट्या घात करतात, कारण 'चहा' हा शब्द मधल्याच कॉलममध्ये छापलेला असतो, बाकीच्या रूमच्या पट्ट्यांत तिथे काहीच येत नाही आणि खालची सगळी सेशन्स एक घर वर सरकतात. 11:30 चं सेशन 11:15 च्या चहासमोर जाऊन बसतं आणि अजेंडा दिसायला मात्र एकदम स्वच्छ, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही. ओळखायचं सोपं आहे, प्रत्येक रूमच्या नोंदी मोजायच्या, वेळेच्या ओळींपेक्षा कमी भरल्या की कुठेतरी पट्टी गळलीय.

कॅलेंडरमध्ये टाकायचं तर शीटमधून अशी फाइल काढतो:

```
Subject,Start Date,Start Time,End Date,End Time,Location
मराठी फॉन्ट वेबवर कसे वापरावेत,06/14/2025,2:15 PM,06/14/2025,3:00 PM,सेमिनार हॉल
```

बोर्डावर नुसतं 2.15 असतं, तिथे PM हातानेच लिहायचं, नाहीतर सेशन पहाटे सव्वादोनला पडतं. तारखेत आधी महिना, मग दिवस. संपायची वेळ बोर्डावर नसेल तर खालच्या ओळीची सुरुवात धरायची, आणि ती खालची ओळ चहाची असली तर चहाचीच वेळ घ्यायची, त्यापुढच्या सेशनची नाही. गूगल कॅलेंडरमध्ये ही फाइल फोनच्या अ‍ॅपमधून इम्पोर्ट होत नाही, कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्येच करावं लागतं.

फोटो फ्लॅश बंद ठेवून, दोन पावलं मागून झूम करून काढा, चमक पडत असेल तर थोडं बाजूला सरका. मार्करने लिहिलेल्या व्हाइटबोर्डला मात्र हे अ‍ॅप मी वापरत नाही, 1 आणि 7 मध्ये फार गोंधळ होतो, तिथे सरळ टाइप केलेलं बरं. आणि जेवणानंतर बोर्डावर एकदा नजर टाका, रूम बदलली की आयोजक जुन्या नावावर चिठ्ठी डकवतात आणि तुमच्या सकाळच्या फोटोत ती नसते.