ओपन लूप की क्लोज्ड लूप: सेलच्या कडेवरच्या फोनला कशाचा उपयोग?

एलटीई नेटवर्कची अपलिंक, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणारी बाजू, तिची सेटिंग ठरवणाऱ्यासमोर प्रश्न बहुधा असा येतो: फोनची पॉवर त्याची त्यालाच ठरवू द्यायची, की टॉवरने सतत दुरुस्त करत राहायचं? उत्तराआधी सूत्र पाहू. बारीक दुरुस्तीचं एक पद वगळलं, तर फोन पॉवर अशी काढतो:

```
P = min( Pmax, 10·log10(M) + P0 + α·PL + f )
```

Pmax म्हणजे फोनची कमाल पॉवर, M म्हणजे फोनला मिळालेले रिसोर्स ब्लॉक, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे तुकडे, PL म्हणजे वाटेत होणारी घट, पाथ लॉस. P0 ही पॉवरची मूळ पातळी आणि अल्फा (α) म्हणजे पाथ लॉसचा किती हिस्सा भरून द्यायचा तो आकडा; दोन्ही टॉवर जाहीर करतो. इथपर्यंतचं सगळं ओपन लूप. शेवटचा f तेवढा क्लोज्ड लूपचा: टॉवर आदेश पाठवतो आणि फोन −1, 0, +1 किंवा +3 डीबी स्वतःच्या हिशोबात जमा करत जातो.

ओपन लूपचा फायदा उघड आहे. आदेशांची वाट पाहावी लागत नाही, फोन जागचा हलला की पॉवर आपोआप बदलते. पण त्याचं मोजमाप ढोबळ असतं. फोन पाथ लॉस मोजतो तो डाउनलिंकवर, म्हणजे टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलवर. बँड 3 मध्ये डाउनलिंक 1805 ते 1880 मेगाहर्ट्झवर आणि अपलिंक 1710 ते 1785 वर, त्यामुळे क्षणाक्षणाचे चढउतार दोन्हीकडे सारखे नसतात. शिवाय सिग्नल मोजताना फोन सर्वसाधारण परिस्थितीतही 6 डीबीपर्यंत चुकला, तरी मानकाला ते चालतं. टॉवरवर त्या घडीला किती इंटरफिअरन्स आहे, हे तर फोनला कळतच नाही. क्लोज्ड लूप या तिन्ही चुका भरून काढतो, कारण टॉवर स्वतःच्या अँटेनावर प्रत्यक्ष काय पोचलं ते पाहून बोलतो. म्हणून ‘हे की ते’ असा वाद मला फारसा पटत नाही. पाया ओपन लूपचा आणि त्यावर हळू चालणारी क्लोज्ड दुरुस्ती, हीच बहुतेक ठिकाणी योग्य मांडणी.

मग कडेवरचा फोन का मार खातो? आकडे घालून बघू. P0 = −85, अल्फा 0.8, f शून्य. टॉवरजवळच्या फोनचा पाथ लॉस 100 डीबी: एका ब्लॉकसाठी पॉवर −85 + 80 = −5 डीबीएम, टॉवरवर पोचते −105. लांबच्या फोनचा पाथ लॉस 130: पॉवर −85 + 104 = 19 डीबीएम, पोचते −111. जवळच्यापेक्षा 6 डीबी कमी, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. अल्फा 1 पेक्षा कमी असला की लांबच्याची घट पूर्ण भरून द्यायची नाही, असा तो करार असतो.

का, ते शेजारच्या टॉवरला विचारा. कडेवरच्या फोनपासून त्या टॉवरचा पाथ लॉस 133 धरला, तर याच 19 डीबीएमचे −114 तिथे जाऊन पडतात. एका ब्लॉकवरचा रिसीव्हरचा नॉइज साधारण −116 असतो. म्हणजे एकटा हा फोनच शेजाऱ्याच्या नॉइजवर चढून बसला. त्याने आणखी ओरडायचं ठरवलं, तर भुर्दंड पलीकडच्या सेलला.

दुसरी अडचण कमाल मर्यादेची. नेहमीचा फोन 23 डीबीएम, म्हणजे 200 मिलीवॉटच्या वर जात नाही. 19 लागतात तिथे दोन ब्लॉक मिळाले की 22 झाले. तिसऱ्याला जागा नाही. जवळचा फोन तेवढ्यात 50 ब्लॉकही सहज वापरतो. पाथ लॉस 140 झाला, तर एका ब्लॉकलाच 27 हवेत. फोन 23 वर थांबतो, टॉवरवर −117 पोचतात, म्हणजे नॉइजच्याही किंचित खाली. इथे क्लोज्ड लूप हतबल होतो: टॉवरने कितीही +3 पाठवले तरी कमाल पॉवरवर पोचलेला फोन ते जमाच करत नाही.

नेमकी हीच तक्रार आली की अनेकजण P0 तीन डीबीने वाढवतात. माझ्या मते ही सगळ्यात महागडी चूक. कमाल मर्यादेला टेकलेल्या फोनला त्यातून काहीच मिळत नाही. जवळचे फोन मात्र तीन डीबी जोरात बोलू लागतात, शेजारच्या सेलनेही तेच केलं की सगळीकडचा इंटरफिअरन्स वाढतो, आणि ज्याच्यासाठी हे केलं तोच आणखी बुडतो.

ही अवस्था ओळखायची ती पॉवर हेडरूम रिपोर्टवरून. फोन −23 ते +40 डीबीच्या पल्ल्यात किती पॉवर शिल्लक आहे ते कळवतो. आकडा ऋण असेल, तर दिलेल्या ब्लॉकांना लागणारी पॉवर फोनकडे नाही. वरच्या 140 च्या फोनचा एका ब्लॉकवर −4 येईल. रिपोर्ट धन असूनही वेग कमी असेल, तर मात्र क्लोज्ड लूप किंवा अल्फा तपासण्यात अर्थ आहे.

ऋण हेडरूमवाल्यांसाठी, कोणाला किती ब्लॉक द्यायचे ते ठरवणाऱ्या शेड्युलरने आधी ब्लॉक कमी करावेत. व्हॉइस कॉल तुटत असतील, तर टीटीआय बंडलिंग चालू करावं: तोच डेटा सलग चार सबफ्रेममध्ये जातो आणि टॉवर तो एकत्र जोडून वाचतो. तेवढ्यानेही भागत नसेल, तर टॉवरवर रिसीव्ह अँटेना दोनाच्या चार करून पाहाव्यात.