जर्मन मेनू असलेल्या फोनवर मराठी कीबोर्ड : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी जर्मनीत राहतो आणि फोनची भाषा जाणीवपूर्वक जर्मनच ठेवली आहे, कारण बँकेच्या आणि विमा कंपनीच्या ॲपमधील शब्द त्यांच्याकडून येणाऱ्या पत्रांतील शब्दांशी जुळणे मला सोयीचे पडते. घरच्यांशी आणि इथल्या मराठी मंडळींशी मात्र मला देवनागरीतच लिहायचे होते. फोन अँड्रॉइडचा असून त्यावर जीबोर्ड आधीपासूनच होता, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते त्या जोडीपुरते समजावे.

मराठी कीबोर्ड जोडण्यासाठी बहुतेक जण फोनच्या Einstellungen मध्ये शिरतात आणि तिथेच वाट चुकते. तिथे System खाली Sprachen नावाची जी यादी आहे ती फोनच्या भाषेची आहे, टंकलेखनाची नव्हे. तिच्यात मराठी जोडून ती सर्वांत वर ओढली, तर सगळा फोनच मराठीत बोलू लागतो, आणि घड्याळातले आकडेही देवनागरी होऊ शकतात. ज्यांना तेच हवे असेल त्यांनी खुशाल करावे. मला ते नको होते. दोन याद्या ओळखण्याची खूण सोपी आहे. फोनच्या भाषांच्या यादीत प्रत्येक नावाला १, २ असा क्रमांक असतो आणि ते वरखाली सरकवता येते. कीबोर्डच्या यादीत क्रमाला महत्त्व नसते. तिथे भाषेच्या नावाखाली कळांच्या मांडणीचे नाव दिसते.

म्हणून फोनच्या सेटिंगमधून न जाता थेट कीबोर्डमधूनच जावे. कोणत्याही संदेशाच्या चौकटीत बोट ठेवून कीबोर्ड उघडावा, स्वल्पविरामाची कळ दाबून धरावी आणि वर येणाऱ्या दातेरी चाकाच्या चित्रापर्यंत बोट सरकवावे. जी पाने उघडतात त्यांत Sprachen हे पहिल्याच ओळींत, पृथ्वीगोलाच्या चित्रासह असते. त्यात तळाशी Tastatur hinzufügen असे बटण आहे. ते दाबल्यावर भाषांची लांबलचक यादी येते. ती खाली ओढत बसण्याऐवजी वरच्या भिंगावर बोट ठेवून Marathi लिहावे. मग मांडण्या दिसतात, हवी ती निवडावी आणि Fertig दाबावे. या वाटेवर जर्मन शब्दांपेक्षा चित्रांचाच आधार अधिक आहे, त्यामुळे मेनू पोलिश वा फ्रेंच असला तरी फारसे अडत नाही. फक्त वेगळी लिपी असलेल्या फोनवर भिंगात Marathi लिहून नाव सापडेलच असे गृहीत धरू नये.

जोडल्यानंतर लगेच शब्द सुचले नाहीत तर घाबरून काढून टाकू नये. मराठीचा शब्दसंग्रह त्यानंतर इंटरनेटवरून उतरवला जातो, आणि तोवर रोमन अक्षरांचे देवनागरीत रूपांतरही नीट होत नाही. दोन भाषांमध्ये ये-जा करण्यासाठी पृथ्वीगोलाची कळ आहेच. मला मात्र स्पेसची लांब कळ दाबून धरून यादीतून निवडणे अधिक पक्के वाटते, कारण माझ्याकडे तीन कीबोर्ड आहेत आणि गोल दाबत गेल्यावर नेमका नको तोच समोर येतो.

मी मराठीच्या दोन्ही मांडण्या ठेवल्या आहेत : रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी आणि सरळ देवनागरी कळांची. पहिलीचा वेग निर्विवाद आहे. ‘udya yeto’ लिहिले की ‘उद्या येतो’ तयार. पण जर्मन कीबोर्डवर Y आणि Z यांच्या जागा इंग्रजीच्या उलट असतात, आणि माझ्या फोनवर रोमन-मराठी मांडणी इंग्रजी क्रमाची आहे. बोटांना जर्मन सवय झाली की ‘yeto’ ऐवजी ‘zeto’ पडते आणि येतो म्हणणारा माणूस ‘झेतो’ म्हणू लागतो. ही अडचण कालांतराने कमी झाली, संपली नाही.

या मांडणीची खरी मर्यादा मात्र वेगळीच आहे. रोमन लिपीत न आणि ण, ल आणि ळ यांचा भेद नसतो, म्हणून ‘bal’ लिहिल्यावर बाळ हवे की बल की बाल, हे वरच्या पट्टीत पाहूनच ठरवावे लागते. त्याहून अवघड प्रकरण अर्ध्या र चे. गणेशोत्सवाच्या जेवणाबद्दल आमच्या गटात ‘आचाऱ्यांना आगाऊ रक्कम द्यायची आहे’ असे लिहायचे होते. ‘acharyanna’ लिहिल्यावर माझ्यासमोर आधी आले ते ‘आचार्यांना’, म्हणजे स्वयंपाक्यांऐवजी विद्वान गुरुजनांना. असे शब्द मी देवनागरी मांडणीतच लिहितो : आ, च, ा, मग र ची कळ दाबून धरून तिच्यातून निघणारा नुक्त्याचा ऱ, मग हलन्ताचे चिन्ह, मग य आणि पुढचे काने-मात्रे. साधा र घेऊन हलन्त दिला तर रफार तयार होऊन वर जातो, सूर्यातल्यासारखा. दऱ्या, तऱ्हा, सुऱ्या यांना हाच नियम आहे. जे शब्द वारंवार लागतात ते मी कीबोर्डच्या Wörterbuch मध्ये मराठीखाली नोंदवून ठेवले, आणि त्यानंतर पट्टीत ते दिसू लागले.

साध्या एसएमएसबाबत एक व्यावहारिक गोष्ट. रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० वर्ण मावतात, देवनागरीत ७०. शिवाय काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘विद्यार्थी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसला तरी त्याचे दहा वर्ण होतात. गावी साधा फोन वापरणाऱ्या काकांना परदेशातून दोन ओळींची खुशाली कळवली तरी तिचे दोन-तीन भाग होतात आणि पैसेही तितक्या भागांचे लागतात.

सर्वांत उशिरा लक्षात आलेली बाब ॲ या अक्षराची. भारतातल्या एका वकिलांचे नाव मी ‘ॲड.’ या उपाधीसह संपर्कयादीत ठेवले होते, आणि काही आठवड्यांनी तेच लिहून शोधले तर सापडेना. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसत होते. कारण असे की ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीपासून लोक अ लिहून त्यावर चंद्र देत आले आहेत, आणि ती पद्धत आजही चालते. संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऱ च्या बाबतीत र आणि नुक्ता अशी जोडी व तयार अक्षर हे एकच मानण्याची तरतूद युनिकोडमध्येच आहे, ॲ च्या बाबतीत तशी ती नाही. आपल्याकडे कोणते आहे हे ओळखायचे असेल तर अक्षराच्या पुढे कर्सर ठेवून खोडण्याची कळ एकदाच दाबावी. सगळे अक्षर गेले तर ते स्वतंत्र ॲ. नुसता चंद्र जाऊन अ मागे राहिला तर ती जोडी. संपर्कयादीतल्या अशा नावांमध्ये मी आता सगळीकडे स्वतंत्र ॲ केला आहे, आणि इतरांकडून चिकटवून घेतलेला मजकूर शोधात सापडला नाही की पहिली तपासणी हीच करतो.