चार गैरसमज खरे खोडले, पाचवा आमच्या गळ्यात मारला

ढेकणांच्या एका फवारणीवाल्याने आम्हाला कसं गंडवलं ते लिहिते आहे. त्याने धडधडीत खोटी जाहिरात केली असती तर लिहायची वेळच आली नसती. त्याच्या 'गैरसमज आणि सत्य' या पोस्ट बऱ्याचशा खऱ्या होत्या, आणि सगळी गोम तिथेच होती.

ढेकूण घाणेरड्या घरातच होतात हा गैरसमज, असं पहिल्या पोस्टमध्ये होतं. बरोबर आहे, त्यांना रक्त लागतं, कचरा नाही. ते फक्त गादीत असतात हा दुसरा. तेही बरोबर, ते पलंगाच्या सांध्यात, स्क्रूच्या भोकात, स्विचबोर्डमागेही बसतात. आवाजाच्या लहरी सोडणाऱ्या यंत्राने ते पळत नाहीत, आणि ते प्रवासाच्या बॅगेतूनही घरात येतात, या दोन्ही गोष्टीही खऱ्याच. इतकं वाचल्यावर माणूस जाणकार आहे असंच कोणालाही वाटेल.

पाचवी पोस्ट अशी: 'गैरसमज: ढेकणांसाठी दोनदा उपचार लागतो. सत्य: आमचं औषध अंड्यांसकट एकाच वेळी संपवतं.' खाली हमीचा शिक्का.

हे मात्र साफ उलटं होतं. नेहमीच्या बहुतेक फवाऱ्यांचा अंड्यांवर भरवसा धरता येत नाही. अंडं खसखशीएवढं, पांढरट, फटीत आत चिकटवलेलं असतं आणि उबदार खोलीत साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतं. म्हणून पहिल्या फेरीनंतर दोनेक आठवड्यांनी दुसरी करतात, म्हणजे दरम्यान निघालेली पिल्लं मोठी होऊन अंडी घालायच्या आत सापडतात. दुसरी फेरी वाचवली की कंपनीचा खर्च वाचतो. तेवढ्यासाठी ती पोस्ट होती.

त्यांचा माणूस आला, यंत्राने खोलीभर धूर सोडला आणि लगेच निघाला. पलंग उलटा केला नाही, एक स्क्रू काढला नाही. धूर हवेत पसरतो, खोल फटीत फारसा जातच नाही. औषधाचं नाव विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ते कंपनीचं सिक्रेट आहे." कीटकनाशकाच्या बाटलीवरचं लेबल कसलं आलंय सिक्रेट!

आठवडाभर बरं गेलं. मग चादरीवर पुन्हा काळे ठिपके दिसले, ओल्या कापडाने पुसले की तांबूस फराटा उठणारे. फोन केला तर उत्तर तयार होतं: "तुम्हीच बाहेरून परत आणले असणार. आमची चौथी पोस्ट वाचा."

दुसऱ्या एका कंपनीच्या वयस्क माणसाला बोलावलं. त्याने आल्या आल्या स्क्रूड्रायव्हर काढून पलंगाचा डोक्याकडचा भाग सुटा केला आणि टॉर्च मारला. आत मोठा ढेकूण एकही जिवंत नव्हता. होती ती जेमतेम दीड मिलिमीटरची, फिकट, जवळजवळ पारदर्शक पिल्लं, आणि शेजारी फुटलेल्या अंड्यांची रिकामी टरफलं. तशीच पिल्लं पायाकडच्या सांध्यात आणि कपाटामागेही.

"बॅगेतून आले असते तर एखादा मोठा तरी सापडला असता," तो म्हणाला. "एखादी मादी आली असती, तरी ती रोज थोडीच अंडी घालते. तीन जागी एकाच वयाचा एवढा घोळका तिचा नव्हे. ढेकूण पाच वेळा कात टाकून मोठा होतो आणि दर वेळी त्याला रक्त प्यावं लागतं. ही सगळी पहिल्याच टप्प्यात आहेत. म्हणजे मोठे मेले आणि अंडी राहिली."

पिल्लांचे आणि टरफलांचे फोटो काढून पहिल्या कंपनीला पाठवले. तेव्हा त्यांनी हमीपत्रातली बारीक ओळ दाखवली: 'जिवंत प्रौढ ढेकूण आढळल्यासच.' पोस्टमध्ये अंड्यांसकट, कागदावर फक्त प्रौढ! पैसे परत मिळाले नाहीत, आणि पोस्टखाली लिहिलेली माझी कॉमेंटही त्यांनी उडवली.

दुसऱ्याने व्हॅक्यूमने सांधे ओढून घेतले आणि पिशवी लगेच बंद करून बाहेर टाकली. मग वाफेचं रुंद तोंड फटींवरून इतकं सावकाश फिरवलं की मला कंटाळा आला. घाईत वाफ आत पोचत नाही आणि अंडी वाचतात, म्हणाला. शेवटी लेबल दाखवून फटींत औषध मारलं आणि दुसऱ्या फेरीची तारीख तिथल्या तिथे लिहून दिली. पलंगाच्या पायांखाली सापळ्याच्या वाट्या ठेवल्या, पलंग भिंतीपासून सरकवला. एकदाच करून भागणार नाही का, असं विचारल्यावर नाही म्हणाला, आणि वाफ न पोचलेल्या एखाद्या फटीत अंडं राहिलंच असेल असं धरूनच दुसऱ्या फेरीला येतो, असंही सांगितलं.

कोणाला बोलावणार असाल तर फोनवरच विचारा: अंड्यांचं काय करणार, आणि हमीच्या कागदावर पिल्लं धरली आहेत का?