देवगडचा पिनकोड, मुंबईचं बिल

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदाराने जानेवारीत तुलना करणाऱ्या अ‍ॅपवरून एकाच बसणीत दोन पॉलिसी घेतल्या. एक कोटीचा टर्म प्लॅन स्वतःसाठी आणि दहा लाखांचा आरोग्य विमा चौघांच्या कुटुंबासाठी. वय 35, बागेवर कर्ज, दोन मुलं शाळेत. ऑगस्टमध्ये त्याला लेप्टो झाला. मूत्रपिंडांवर परिणाम झाल्यावर मुंबईतल्या नातेवाइकांनी त्याला तिकडच्या खाजगी रुग्णालयात हलवलं. माणूस वाचला. बिल झालं 3,80,000 रुपये आणि दहा लाखांचा विमा असूनही त्यातले 87,200 घरच्यांना भरावे लागले. त्यानंतर कागद उघडले गेले, तेव्हा टर्म प्लॅनमध्येही काय झालं होतं ते कळलं.

या व्यवहारात कोणी खोटी सही केली नाही, कोणी पैसे घेऊन पळालं नाही. त्यामुळे पोलिसांत जाण्यासारखं काही हातात नाही. फसवणूक झाली ती स्क्रीनवर काय आधी दाखवलं आणि काय तीन टिचक्यांच्या मागे ठेवलं, यात. आपल्या किनारपट्टीवरच्या माणसाला ती जास्त महाग पडते, त्याचं कारण पुढे येईलच.

आधी पैशाची वाट समजून घ्या. अ‍ॅप तुमच्याकडून काही घेत नाही. तुम्ही भरलेल्या हप्त्यातला ठरावीक हिस्सा विमा कंपनी त्याला देते. 1 एप्रिल 2023 च्या आधी कुठल्या प्रकारच्या पॉलिसीवर जास्तीत जास्त किती कमिशन द्यायचं, याची मर्यादा विमा नियामकाने म्हणजे आयआरडीएआयने घालून दिलेली होती. त्या तारखेपासून ती पॉलिसीनिहाय मर्यादा गेली. आता कंपनीचं संचालक मंडळ कमिशन ठरवतं, फक्त कंपनीचा एकूण व्यवस्थापन खर्च नेमून दिलेल्या टक्क्यांत बसला पाहिजे. त्यामुळे यादीतल्या पहिल्या पॉलिसीवर अ‍ॅपला किती मिळतं आणि सातव्या पॉलिसीवर किती, हे घेणाऱ्याला स्क्रीनवर दिसत नाही. पण हिस्सा हप्त्यावर मोजला जातो, एवढं कळलं तरी बरंच कळतं.

टर्मचं उदाहरण घेऊ. या बागायतदाराला साठाव्या वर्षापर्यंतचा, म्हणजे 25 वर्षांचा साधा टर्म प्लॅन, ज्यात मुदतीत माणूस गेला तरच पैसे मिळतात, वर्षाला 13,000 रुपयांत मिळत होता. ती पॉलिसी त्याच अ‍ॅपवर होती, पण खाली. वर दिसत होता हप्ते परत देणारा प्लॅन, वर्षाला 27,000 रुपयांचा. पहिल्या वर्षीचं कमिशन दोन्हींवर समजा 30 टक्के धरलं, तर साध्या प्लॅनवर अ‍ॅपला 3,900 मिळतात आणि दुसऱ्यावर 8,100. काम तेवढंच, फोन तेवढाच. अ‍ॅपच्या फोनवरच्या माणसाने ‘बाकीच्या प्लॅनमध्ये पैसे वाया जातात, यात सगळे परत मिळतात’ असं सांगितलं. घरात बायकोही म्हणाली, “पैसे परत गावतले, मगे बरा आसा.” तिचं काय चुकलं? समोर मांडलेला हिशेब तसाच होता.

खरा हिशेब असा. साठाव्या वर्षी परत मिळणार 27,000 गुणिले 25, म्हणजे 6,75,000 रुपये. दोन प्लॅनमधला फरक वर्षाला 14,000 रुपयांचा. तेच 14,000 दर वर्षाच्या सुरुवातीला पोस्टातल्या पीपीएफ खात्यात टाकले आणि व्याज आजच्यासारखंच 7.1 टक्के राहिलं, तर 25 वर्षांनी साधारण 9,60,000 रुपये होतात. परताव्याच्या प्लॅनमध्ये त्या जादा 14,000 वर सुटणारं व्याज पावणेपाच टक्क्यांच्या आसपास पडतं. शिवाय माणूस मधेच गेला, तर कुटुंबाला दोन्हीकडे एक कोटीच मिळतात. भरलेले जादा हप्ते वेगळे परत येत नाहीत. पीपीएफमधली रक्कम मात्र घरच्यांचीच असते.

यापेक्षाही मोठा धोका आम्हाला दुसरा वाटतो. हापूसचं एक वर्ष चांगलं गेलं की पुढचं जाईलच असं नाही. मोहोर गळला, थ्रिप्स आला, अवकाळी पडला, तर एप्रिल-मेमध्ये हातात येणारा पैसा निम्म्यावर येतो. अशा वर्षी 13,000 कसेबसे निघतात, 27,000 राहून जातात. हप्ता चुकला, सवलतीचे दिवस उलटले की पॉलिसी बंद पडते आणि नेमक्या त्याच वर्षी घर उघडं पडतं. बागेवर, होडीवर किंवा पर्यटनाच्या हंगामावर पोट असलेल्या माणसाला टर्म प्लॅन स्वस्तच हवा. महागडा प्लॅन त्याला झेपत नाही, हे अ‍ॅपच्या यादीला कळायचं कारण नाही.

आरोग्य विम्यात नेमका उलटा खेळ झाला. टर्मची किंमत किती असावी याचा लोकांना अंदाज नसतो, म्हणून तिथे महाग वस्तू वर येते. आरोग्य विम्यात माणूस चार हप्ते शेजारी ठेवून सगळ्यात कमी आकडा निवडतो. ग्राहक हातचा जाऊ नये म्हणून तिथे आकडा लहान दिसणारी पॉलिसी पुढे केली जाते. एकदा ती घेतली की दर वर्षीच्या नूतनीकरणावरही कमिशन चालू राहतं.

आकडा लहान कसा होतो, तर झोनने. बऱ्याच कंपन्या देशाचे भाग पाडतात. मुंबई, ठाणे यांसारखी महागडी शहरं सहसा पहिल्या झोनमध्ये, आणि सिंधुदुर्ग, रत्नागिरीसारखे जिल्हे खालच्या झोनमध्ये. तुम्ही अ‍ॅपमध्ये 416613 हा देवगडचा पिनकोड टाकला की खालच्या झोनचा कमी हप्ता दिसतो. काही पॉलिसींत त्याबरोबर एक अट येते: खालच्या झोनचा हप्ता भरून वरच्या झोनमध्ये उपचार घेतले, तर मान्य झालेल्या बिलातला ठरावीक हिस्सा रुग्णाने भरायचा. यालाच को-पे म्हणतात. या पॉलिसीत तो 20 टक्के होता.

आता बिल पाहा. एकूण 3,80,000. त्यातले हातमोजे, नोंदणी शुल्क वगैरे विम्यात न बसणारे 14,000 वजा केले, उरले 3,66,000. त्याचे 20 टक्के म्हणजे 73,200. दोन्ही मिळून 87,200.

कोकणातला माणूस मोठ्या दुखण्याला कुठे जातो हे इथे कोणाला सांगायला नको. देवगड-मालवणचा गोव्याला किंवा कोल्हापूरला, रत्नागिरी-चिपळूणचा मुंबईला किंवा पुण्याला, आणि घरातलं कोणी चाकरमानी असेल तर हमखास मुंबईला. म्हणजे झोनची अट इथे अपवाद म्हणून लागत नाही, मोठ्या दुखण्यात ती बऱ्याचदा लागते. तरीही अ‍ॅपच्या तुलनेच्या तक्त्यात विमा रक्कम, हप्ता, खोलीचं भाडं आणि कॅशलेस रुग्णालयांचा आकडा एवढ्याच ओळी होत्या. को-पे पॉलिसीच्या कागदात होता.

को-पे टळेल म्हणून मुंबईच्या नातेवाइकाचा पत्ता टाकू नका किंवा हप्ता कमी दिसेल म्हणून उलटही करू नका. राहतं ठिकाण खोटं सांगितलं तर पुढे क्लेमच अडचणीत येतो. खरा पत्ता देऊन झोनची अट नसलेली पॉलिसी मागा, किंवा जादा हप्ता भरून वरचा झोन घेता येतो का ते विचारा. पैसे भरायच्या आधी ग्राहक माहिती पत्रक, म्हणजे Customer Information Sheet मागवा. हे पत्रक देणं कंपनीवर बंधनकारक आहे आणि मागितलं तर स्थानिक भाषेतही मिळतं. त्यातली Financial limits of coverage ही ओळ वाचा. को-पे आणि उपमर्यादा तिथेच लिहिलेल्या असतात.

अ‍ॅपवर टर्म पाहताना आधी क्रम लावायचा पर्याय उघडून हप्ता कमी ते जास्त असा करा. मग कव्हरचं वय बघा. ते आपोआप 75 किंवा 85 धरलेलं असेल, तर मुलं कमावती होतील आणि कर्ज फिटेल त्या वयापर्यंत खाली आणा. आधीच खूण केलेले रायडर, म्हणजे जादा हप्ता लावून जोडलेली कव्हरं, काढून टाका आणि हप्ता परत मिळण्याचा पर्याय बंद करा. मग तोच प्लॅन कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्याच वयाने, त्याच रकमेने पाहा. अ‍ॅपच्या अगदी तळाशी परवान्याचा प्रकार लिहिलेला असतो, तोही वाचा. Corporate Agent असेल तर त्याला जीवन, सर्वसाधारण आणि आरोग्य अशा प्रत्येक प्रकारात जास्तीत जास्त नऊ कंपन्यांशीच करार करता येतो, म्हणजे यादी मुळातच अपुरी असू शकते. Web Aggregator असेल तर 2017 च्या नियमांनुसार त्याने पॉलिसींना क्रमांक देणं किंवा ‘सर्वाधिक खपणारी’ असं दाखवणं मना आहे. Broker कायद्याने ग्राहकाचा प्रतिनिधी असतो, पण त्याचंही कमिशन विमा कंपनीकडूनच येतं.

पॉलिसीचा कागद हातात किंवा ईमेलवर आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. झालेल्या दिवसांचा जोखीम हप्ता, तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकीचे पैसे मिळतात. या घरात कागद मुंबईच्या पुतण्याच्या ईमेलवर गेले होते, कारण अ‍ॅपचं खातं त्याने काढून दिलं होतं. ते उघडलेच गेले नाहीत आणि 30 दिवस सरले. ईमेल स्वतःचाच द्या.

मुदत गेल्यावर काय उरतं, तेही सांगायला हवं. को-पेची अट करारात लिहिलेली असल्यामुळे त्या 73,200 वर क्लेमची तक्रार कमकुवत आहे. पण विकणाऱ्याने फोनवर ‘भारतात कुठेही पूर्ण बिल’ असं म्हटलं असेल, तर चुकीची माहिती देऊन विकल्याची तक्रार भक्कम होते. म्हणून त्या संभाषणाच्या रेकॉर्डिंगची प्रत अ‍ॅपकडे आणि कंपनीकडे लेखी मागायची. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जायचं, सोबत bimabharosa.irdai.gov.in वर किंवा 155255 या क्रमांकावर नोंद करता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत अर्ज करायचा. फी लागत नाही, वकील लागत नाही.

या कुटुंबाने टर्मसाठी साध्या प्लॅनचा नवा अर्ज केला आहे. नवी पॉलिसी चालू झाल्याचा कागद आल्याशिवाय जुनी सोडायची नाही, आणि लेप्टोची हकीकत अर्जात पूर्ण लिहायची, हे त्यांना सांगितलं आहे. जुनी सोडल्यास सरेंडर म्हणून काही मिळतं का, ते कंपनीकडून लेखी मागवलं आहे. आरोग्य विम्याचं नूतनीकरण 14 जानेवारीला आहे. दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचं तर किमान 45 दिवस आधी अर्ज जायला हवा, म्हणजे 30 नोव्हेंबरपर्यंत. काही आजारांवर क्लेम मिळण्याआधी थांबावं लागतं तो प्रतीक्षा काळ इथे जेवढा सरला, तेवढा पोर्ट केल्यावर नव्या पॉलिसीत धरला जातो. पण नुकताच मोठा क्लेम झाल्याने नवी कंपनी नकारही देऊ शकते, म्हणून अर्ज दोन कंपन्यांकडे पाठवले आहेत आणि जुन्या पॉलिसीचा हप्ता वेगळा काढून ठेवला आहे.